भाड्याच्या उदाहरणात 'रेसिड्यूअल'ला काय म्हणावं?

*प्रश्न : मुलीच्या वर्गात वडोदऱ्यातल्या फ्लॅटच्या क्षेत्रफळावरून भाडं काढायचं उदाहरण आहे. त्यातल्या 'रेसिड्यूअल'ला मराठीत बाकी म्हणू की चूक?*

दोन्ही नको. रेसिड्यूअल म्हणजे प्रत्यक्ष भाडं वजा क्षेत्रफळावरून काढलेलं भाडं. लिहिताना 'अवशिष्ट' लिहा, तोंडी समजावताना 'उरलेला फरक' म्हणा.

भाड्याच्या गोष्टीत 'बाकी' म्हटलं की भाडेकरूने थकवलेली रक्कमच डोळ्यांपुढे येते. शिवाय शाळेतल्या भागाकाराची बाकी कधी ऋण नसते. अवशिष्ट मात्र ऋणही येतं, आणि मुलं नेमकी तिथेच अडखळतात.

मांजलपूरकडचे चार फ्लॅट घेऊ (आकडे उदाहरणापुरते). कार्पेट क्षेत्रफळ ५००, ७००, ९०० आणि ११०० चौरस फूट, महिन्याचं भाडं अनुक्रमे ९४००, १०८००, १५४०० आणि १७२०० रुपये. लघुतम वर्ग पद्धतीने या चारांवर बसणारी रेषा अशी, x म्हणजे क्षेत्रफळ आणि ŷ म्हणजे रेषेने दिलेलं भाडं :

ŷ = 2000 + 14x

यात ७०० घातले की ९८०० अधिक २०००, म्हणजे ११८०० येतात. हे 'अंदाजित भाडं'. याला 'भाकीत' म्हणणं मला पटत नाही. पुढे काय होणार हे कुणी सांगतच नाहीये. प्रत्यक्ष भाडं १०८००, म्हणून अवशिष्ट १०८०० − ११८०० = −१०००. आधी प्रत्यक्ष, मग अंदाजित. क्रम उलटला की आकडा तोच राहतो, चिन्ह फिरतं, आणि रेषेखालचा बिंदू वर असल्यासारखा वाटतो. वजा १००० चा अर्थ एवढाच, की हा फ्लॅट रेषेच्या हिशेबापेक्षा हजाराने स्वस्त आहे. लिफ्ट नसेल, चौथा मजला असेल. रेषेला फक्त क्षेत्रफळ कळतं. म्हणून 'चूक' नको, चुकलंय कोण?

उरलेल्या तिघांची अवशिष्टं +४००, +८०० आणि −२००. चारही मिळवा, शून्य येतं. लघुतम वर्गाच्या रेषेत स्थिर पद असेल तर बेरीज शून्यच यायला हवी. नाही आली, तर आकडेमोड तपासा (उतार जवळच्या आकड्यावर आणून लिहिला असेल तर थोडा फरक राहतो). पण सगळी चिन्हं उलटी लावली तरी बेरीज शून्यच येते, तेव्हा चिन्हाची चूक या ताळ्यात सापडत नाही.

आणखी एक घोटाळा शब्दाचाच. 'क्षेत्रफळ' एवढंच लिहिलं तर कुणी दलालाने सांगितलेला सुपर बिल्ट-अप आकडा घालतो. तोच ७०० चा फ्लॅट १००० म्हणून घातला की अंदाजित भाडं १६००० होतं आणि अवशिष्ट −५२००. बाकीची अवशिष्टं शेकड्यांत असताना एकच असं पाच हजारांवर गेलेलं दिसलं, की घरमालकाच्या उदारपणावर विश्वास ठेवण्याआधी क्षेत्रफळ कुठलं मोजलंय ते विचारा. उदाहरणात 'कार्पेट क्षेत्रफळ' असंच लिहावं.