टँकरच्या पाण्यात टीसीएल टाकूनही क्लोरीन का दिसत नाही?

प्रश्न: जीएनएम नर्सिंगला आहे, पोस्टिंग बीडजवळच्या गावात. टँकरच्या पाण्याच्या २०० लिटरच्या ड्रममध्ये टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकली, तरी क्लोरीन तपासायच्या ओटी टेस्टला पिवळा रंग येत नाही. का?

उत्तर: ताजी पावडर असेल तर त्यात साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. १००० लिटरला ५ ग्रॅम धरले तर तुमच्या ड्रमला १ ग्रॅम. कोरडी भुकटी वरून भुरभुरू नका. वाटीभर पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळी ड्रममध्ये ओतून ढवळा आणि तासाभराने तपासा. रंग दहा सेकंदांच्या आत बघा, नंतर गडद झालेला मोजू नका. तासाभरानंतर ०.५ मिलीग्रॅम प्रति लिटर हवा.

तरीही रंग नाही? तीच निवळी त्याच प्रमाणात स्वच्छ पाण्यात घालून बघा. तिथे पिवळं आलं, तर टँकरच्या गढूळ पाण्यानेच क्लोरीन खाल्ला. मग आधी तुरटी फिरवून, निवळलेलं पाणी गाळून घ्या आणि पुन्हा डोस द्या. तिथेही आलं नाही, तर पावडर मेलेली. उघडं पोतं उन्हाळ्यात असंच होतं.

बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड मात्र क्लोरीनने जात नाही, उकळूनही नाही.