बावन्न हजार पाचशेची एलडी आणि बारा हजार सहाशेची एलडी

प्रश्न: पीओमध्ये, म्हणजे परचेस ऑर्डरमध्ये, उशिराबद्दल दर आठवड्याला अर्धा टक्का, जास्तीत जास्त पाच टक्के असा एलडीचा, म्हणजे आधीच ठरवलेल्या भरपाईचा, क्लॉज आहे. सप्लायर जुना आहे, माल चांगला देतो, पण या वेळी फार उशीर केला. पेनल्टी लावायची आहे आणि संबंधही टिकवायचे आहेत. कसं करावं?

लावा. फक्त सप्लायरला ती बँकेच्या मेसेजवरून कळता कामा नये. आमच्याकडे नेमकं तेच झालं होतं, म्हणून लिहितोय.

२०१९ साली मी भोसरीत गिअरबॉक्स बनवणाऱ्या एका कंपनीत परचेस बघत होतो. हाउसिंगची कास्टिंग्ज कोल्हापूरहून, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीतून यायची. मालकांना सगळे अण्णा म्हणायचे. अकरा वर्षांचा व्यवहार. पॅटर्न, म्हणजे साचे बनवायचे नमुने, आमचे, पण ठेवलेले त्यांच्याकडे. ऑर्डर ४० नगांची होती, एसजी आयर्न, एकेक नग २१० किलोचा, भाव किलोला १२५ रुपये. म्हणजे साडेदहा लाखांचा पीओ. सगळा माल १० ऑगस्टला आमच्या गेटवर पोचायला हवा होता. क्लॉज शब्दशः तुमच्यासारखाच.

माल आला दोन हप्त्यांत. १६ नग ५ सप्टेंबरला आणि उरलेले २४ नग ७ ऑक्टोबरला. त्या दिवशी खंडेनवमी. ट्रक गेटवर लागला तेव्हा आमचा स्टोअरवाला लेथला झेंडूचा हार घालत होता. माल उतरवला, चलनावर शिक्का मारला आणि सगळे प्रसाद घ्यायला गेले. मग दसऱ्याची सुट्टी, मग इन्स्पेक्शनची रांग. जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, सिस्टीमवर चढला तो १९ ऑक्टोबरला.

अकाउंट्सने काय केलं? १० ऑगस्ट ते १९ ऑक्टोबर, ७० दिवस, दहा आठवडे, पाच टक्के, तेही अख्ख्या पीओवर. ५२,५०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, कारण 'उशीर सहन करणं' ही सेवाच आहे असा अर्थ तेव्हा बरेच जण लावायचे. एकूण ६१,९५० रुपये नोव्हेंबरच्या पेमेंटमधून वळते केले. डेबिट नोटच्या मेलवर मी सीसीत होतो. मी ती उघडली नाही. हा माझा गुन्हा, तो मी मान्य करतो.

अण्णांचा फोन आला नाही. यायला हवा होता, ते चिडायला हवे होते. त्याऐवजी पुढच्या ऑर्डरच्या वेळी त्यांचा डिस्पॅचचा पोरगा मला गोड आवाजात सांगायला लागला, 'साहेब, हीट लागली नाही', 'साहेब, कोअर फुटले', 'साहेब, या आठवड्यात ट्रॅक्टरवाल्यांचं लोड आहे'. फाउंड्रीत भट्टी एक आणि गिऱ्हाइकं वीस. कुणाचा साचा आधी ओतायचा हे कुठल्याही करारात लिहिलेलं नसतं. आमचा नंबर मागे गेला एवढंच, कुणी बोललं नाही. तोवर आमच्याकडे एका सिमेंट प्लांटचे दोन गिअरबॉक्स हाउसिंगविना उघडे पडलेले, आणि त्या गिऱ्हाइकाने आमच्यावर लावलेली एलडी होती १ लाख ३० हजार. पॅटर्न उचलून दुसरीकडे न्यावेत म्हटलं तर नव्या फाउंड्रीत मेथडिंग, सॅम्पल, अप्रूव्हल यात दोन-अडीच महिने जाणार. तेव्हा मी गाडी काढून कोल्हापूर गाठलं.

अण्णा शेडमध्येच भेटले. म्हणाले, 'दंड घ्या की साहेब, उशीर झालाय ते मी नाही कुठं म्हणतोय? पण अकरा वर्सांत एक फोन नाही? बँकेतनं कळतंय मला?' आणि मग त्यांनी एक वही काढली. त्यात आमच्या सॅम्पलची तारीख होती. सॅम्पल कास्टिंग १४ जुलैला आमच्याकडे पोचलं होतं, आणि आमच्या क्यूएने, म्हणजे क्वालिटी विभागाने, 'ओके' कळवलं ३० जुलैला. सोळा दिवस ते आमच्या टेबलाखाली पडलं होतं. सॅम्पल ओके झाल्याशिवाय बाकीचे नग ओतता येत नाहीत हे आमच्याच पीओत लिहिलेलं. शिवाय ऑगस्टमधला महापूर. शिरोलीपाशी हायवे पाण्याखाली होता, कामगारांच्या घरात पाणी होतं. अण्णांनी त्याच आठवड्यात दोन आठवड्यांची मुदतवाढ मागणारा मेल टाकला होता. आमच्याकडून त्याला उत्तरच गेलेलं नव्हतं.

आम्ही तिथेच, त्यांच्या वहीच्या मागच्या पानावर, हिशोब पुन्हा मांडला. सोळा अधिक चौदा, तीस दिवस. खरी मुदत ९ सप्टेंबर. पहिले १६ नग तर ५ सप्टेंबरलाच आले होते, म्हणजे ते वेळेत. उरले २४ नग, किंमत ६ लाख ३० हजार. ९ सप्टेंबर ते ७ ऑक्टोबर, २८ दिवस, चार आठवडे, दोन टक्के: १२,६०० रुपये. अण्णांनी आकडा बघितला आणि म्हणाले, 'हे बरोबर हाय. हे कापा.' घासाघीस नाही, काही नाही. उरलेले ४९,३५० आम्ही परत केले.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. पेनल्टीने संबंध बिघडत नाहीत, खोट्या हिशोबाने बिघडतात. त्यामुळे पहिलं काम हे की आपल्या बाजूचे दिवस आपणच आधी वजा करायचे. ड्रॉइंगची रिव्हिजन कधी गेली, सॅम्पल किती दिवस अडकलं, ॲडव्हान्स ठरल्या तारखेला दिला होता का. तारीख गेट एन्ट्रीची धरायची, जीआरएनची नाही. आपल्या इन्स्पेक्शनला बारा दिवस लागले त्याचे पैसे त्याने का भरायचे? आणि टक्के फक्त उशिरा आलेल्या नगांवर, असा माझा आग्रह. तुमच्या पीओत 'पूर्ण ऑर्डर किमतीवर' असं लिहिलेलं असेल तर तसं लावता येतं असं तुमचे लोक म्हणतील, पण वेळेत आलेल्या मालावर दंड हे कुठल्या सप्लायरला पटवून सांगणार तुम्ही? हा कागद आधी पाठवायचा, मग फोन, जमलं तर भेट, आणि डेबिट नोट सगळ्यात शेवटी, त्याने आकडा मान्य केल्याचा मेल आल्यावर.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि परचेसच्या लोकांना सहसा माहीत नसते. भारतीय करार कायदा १८७२, कलम ५५. वेळ हा कराराचा गाभा असेल आणि मुदत उलटल्यावर आलेला माल तुम्ही घेतलात, तर उशिराची भरपाई मागता येत नाही, जोपर्यंत माल घेतानाच तुम्ही 'भरपाई मागणार आहे' असं कळवलेलं नाही. माल घेतानाच, तीन महिन्यांनी अकाउंट्सला आठवण झाल्यावर नव्हे. आमच्याकडे खंडेनवमीच्या दिवशी असं कुणी काहीही कळवलं नव्हतं. अण्णा वकिलाकडे गेले असते तर त्या १२,६०० बद्दलही आम्हाला घाम फुटला असता. म्हणून आता मी मुदत उलटली की त्याच दिवशी एक मेल टाकतो, आणि ट्रक येतो त्या दिवशी दुसरा: 'माल उतरवून घेत आहोत. पीओतील एलडी कलमाखालील आमचा हक्क राखून. रक्कम दोघांनी बसून ठरवू.' शेवटचं वाक्य मुद्दाम. त्याने मेल नोटीस राहते पण धमकी वाटत नाही. आणि एखाद्या वेळी सोडूनच द्यायची असेल तर तेही लिहून: 'या पीओपुरती माफ, पुढे कलम लागू.' नुसतं गप्प बसलात तर पुढच्या वेळी तो म्हणणारच, मागे कुठे लावली होती?

आमचे तेव्हाचे अकाउंट्सचे साहेब अजूनही भेटले की म्हणतात, 'क्लॉज होता म्हणून कापले, त्यात चूक काय?' चूक ही की क्लॉजमधला आकडा ही कमाल मर्यादा असते, तुमचा हक्काचा हप्ता नाही. त्याच कायद्याचं कलम ७४ म्हणतं की करारात लिहिलेल्या रकमेपर्यंत 'वाजवी' भरपाई मिळेल. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या कैलाश नाथ असोसिएट्स निकालात हे पुन्हा स्पष्ट केलं. नुकसान झालेलंच नसेल तर भरपाई कशाची, असा त्याचा सूर आहे. साहेबांनी त्या वर्षीच्या रिव्ह्यू मीटिंगमध्ये ५२,५०० रुपये 'बचत' म्हणून स्लाइडवर दाखवले होते. सिमेंट प्लांटवाल्याचे १ लाख ३० हजार ज्या स्लाइडवर होते ती माझी होती, लाल रंगात. तिथे मी काही बोललो नाही. इथे बोलतो.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. एलडीवर जीएसटी लावू नका. ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रक १७८ ने तो विषय मिटवलाय, ही रक्कम कुठल्या सेवेचा मोबदला नाही. डेबिट नोट जीएसटीविना काढा, आणि सप्लायरच्या मूळ बिलातला टॅक्स जसाच्या तसा राहू द्या. तो सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर वादापायी अख्खं बिल अडवू नका. एमएसएमईडी कायद्याखाली करारात काहीही लिहा, ४५ दिवसांवर जाता येत नाही. पुढे बँक दराच्या तिप्पट, तेही दरमहा चक्रवाढ व्याज लागतं, आणि वर्षअखेरीला थकलेलं बिल त्या वर्षी आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही. वादातली रक्कम तेवढी बाजूला, बाकीचं वेळेत. तुमचंच पेमेंट आधीपासून थकलेलं असेल तर एलडीचं नावही काढू नका.

आणि हे सगळं एखाद-दुसऱ्या उशिराला. दर वेळी उशीर करणारा सप्लायर पाच टक्के भावातच धरून कोट करतो, आणि दहा आठवडे उलटले की कमाल मर्यादा गाठली जाते, मग अकराव्या आठवड्यात त्याला घाई करायचं कारणच उरत नाही. तिथे क्लॉज कामाचा नाही, दुसरी फाउंड्री शोधा.

अण्णांबरोबर पुढच्या पीओत आम्ही एक ओळ घातली, त्यांच्याच सांगण्यावरून: सॅम्पल पाच दिवसांत ओके किंवा नामंजूर कळवायचं, नाहीतर जितके दिवस उशीर तितके दिवस मुदत आपोआप पुढे. या ओळीला सगळ्यात जास्त विरोध आमच्याच क्यूएने केला.