तटस्थ कोणाकोणात? धर्मनिरपेक्षतेच्या तुलनेवरील काही प्रश्नांची उत्तरे

राज्यशास्त्राच्या निबंधांचा हंगाम सुरू झाला की मुंबईतल्या आणि उपनगरांतल्या विद्यार्थ्यांची पत्रे येऊ लागतात. शब्द वेगळे असतात, घोटाळा मात्र दर वर्षी तोच असतो. म्हणून या वेळी निवडक प्रश्नांना एकत्र उत्तरे देते आहे.

‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द उद्देशिकेत 1976 साली आला. मग त्याआधीचा भारत धर्मनिरपेक्ष नव्हता असे लिहावे का? (तृतीय वर्ष कला, दादर)

लिहू नका. धर्मस्वातंत्र्याचे अनुच्छेद 25 ते 28 मूळ घटनेतच आहेत आणि 1973 च्या केशवानंद भारती खटल्यात सरन्यायाधीश सिक्री यांनी घटनेचे धर्मनिरपेक्ष स्वरूप तिच्या मूलभूत वैशिष्ट्यांत मोजले होते, तेव्हा हा शब्द आणणारी बेचाळिसावी दुरुस्ती झालेलीही नव्हती.

निबंधासाठी किती देश घ्यावेत? माझ्या यादीत सात आहेत. (एम.ए. भाग एक, ठाणे)

तीन पुरेत. ज्या देशाचा एकही निकाल किंवा कायद्याचे एकही कलम तुम्ही मुळातून वाचलेले नाही, तो देश यादीतून काढा, आणि उरलेल्यांबद्दल मार्गदर्शकांशी आधी बोला.

मी अमेरिका म्हणजे राज्य आणि धर्म यांमधली भिंत, फ्रान्स म्हणजे लाइसिते ही तिथली धर्मनिरपेक्षता आणि भारत म्हणजे सर्वधर्मसमभाव असा तक्ता केला आहे. सर म्हणतात ही तुलनाच नव्हे. का? (एम.ए. भाग दोन, विलेपार्ले)

तुमच्या सरांचे म्हणणे बरोबर आहे आणि त्याचे कारण सविस्तर सांगायला हवे, कारण हाच तक्ता मी गेली अनेक वर्षे पाहते आहे. त्यात तीन देशांनी स्वतःला दिलेली तीन बिरुदे शेजारी मांडलेली असतात. तुलना करायची तर तिन्ही देशांसमोर एकच प्रश्न ठेवावा लागतो आणि प्रत्येकाने त्याचे काय केले हे पाहावे लागते. दुसरी अडचण अधिक खोल आहे. तक्त्यात पक्ष दोनच असतात, राज्य आणि धर्म. प्रत्यक्षात ते तीन असतात: राज्य, धर्मसंस्था आणि त्या धर्मसंस्थेतली एकटी व्यक्ती. राज्य धर्मसंस्थेपासून दूर राहिले, तर त्या व्यक्तीच्या बाबतीत ते तटस्थ राहिले, की तिला प्रमुखांच्या हाती सोपवून मोकळे झाले? तटस्थतेवरचा निबंध या प्रश्नाला भिडला नाही तर तो व्याख्यांपाशीच अडकतो.

यासाठी आपल्याच शहरातला एक खटला घ्या. तेव्हाच्या मुंबई राज्याने 1949 साली बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला. एखाद्या समाजाने आपल्या सभासदाला बाहेर काढून त्याचे दिवाणी दाव्याने मिळवता येणारे हक्क हिरावले, तर ते कृत्य या कायद्याने अवैध ठरत होते, आणि करणाऱ्याला एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकत होता. हे हक्क कोणते याचा खुलासाही कायद्यात होता, आणि त्यात प्रार्थनास्थळात उपासना करण्याचा तसेच दफनाचा वा दहनाचा हक्क येत होता. म्हणजे बहिष्कृत माणसाला मशिदीत किंवा देवळात उभे राहता येईल का आणि त्याचे प्रेत कुठे जाईल, इतक्या नेमक्या गोष्टींचा हा कायदा होता. दाऊदी बोहरा समाजाचे तेव्हाचे धर्मप्रमुख सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्याला आव्हान दिले आणि 9 जानेवारी 1962 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो चार विरुद्ध एक अशा बहुमताने घटनाबाह्य ठरवला. श्रद्धेची शिस्त राखण्यासाठी धार्मिक कारणाने बहिष्कृत करणे हा अनुच्छेद 26(ख) नुसार संप्रदायाचा अंतर्गत कारभार आहे, आणि धार्मिक कारणाच्या बहिष्कारालाही सरसकट बंदी घालणारा कायदा अनुच्छेद 25(2)(ख) मधल्या समाजसुधारणेच्या नावाखाली वाचवता येत नाही, असे बहुमताने म्हटले. सरन्यायाधीश सिन्हा यांचे मत उलट होते. बहिष्कृत माणसाची अवस्था अस्पृश्यासारखी होते आणि हा कायदा व्यक्तीच्या सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याला बळ देणारा आहे, असे त्यांनी मांडले.

आता हाच प्रश्न अमेरिकेला विचारा. सर्बियन ऑर्थोडॉक्स चर्चने एका बिशपला पदावरून दूर केले होते. चर्चची कार्यवाही तिच्या स्वतःच्याच नियमांना धरून नव्हती, असे इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते. 1976 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि चर्चच्या अंतर्गत न्यायमंडळाचा निर्णय दिवाणी न्यायालयांनी मान्य करायला हवा असे ठरवले. बिशपचे सोडा, साध्या सभासदाचे काय? पंथ सोडलेल्या एका स्त्रीशी यहोवाच्या साक्षीदारांनी संबंध तोडले, तिने भरपाई मागितली, आणि 1987 साली संघराज्याच्या अपील न्यायालयाने असे संबंध तोडणे हा त्यांच्या धर्माचरणाचा संरक्षित भाग आहे म्हणून तिचा दावा नाकारला. इथे व्यक्तीकडे बाहेर पडण्याचे स्वातंत्र्य आहे, पण त्याची किंमत तिने स्वतः भरायची आहे.

फ्रान्समध्ये 1905 च्या कायद्याचे कलम 4 पाहा. धर्मसंघटनांनी त्या त्या पंथाच्या सर्वसाधारण संघटनेचे नियम पाळावेत, असे ते म्हणते, म्हणजे इथेही राज्य पंथाच्या रचनेला मान देते. त्याच कायद्याचे कलम 31 मात्र विद्यार्थ्यांनी क्वचितच उघडलेले असते. मारहाण किंवा धमकी देऊन, अथवा नोकरी जाईल, कुटुंबाला वा मालमत्तेला धोका होईल अशी भीती घालून कोणाला उपासना करायला किंवा थांबवायला, धर्मसंघटनेत राहायला किंवा ती सोडायला भाग पाडणे, हा त्या कलमाने गुन्हा ठरतो. संस्थेच्या नियमांत हात नाही, पण व्यक्तीवरच्या दडपणाला शिक्षा, अशी ही मांडणी आहे.

आता तुमचा तक्ता पुन्हा पाहा. ‘भारतात राज्य हस्तक्षेप करते, अमेरिकेत दूर राहते’ या ओळीचे काय झाले? 1962 चे बहुमत वाट वेगळी घेऊनही अमेरिकेच्या निष्कर्षाजवळ पोहोचले, तर 1949 चे विधिमंडळ आणि सिन्हा यांचे मत व्यक्तीच्या बाजूने उभे राहिले. अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद 17 आणि हिंदूंच्या सार्वजनिक मंदिरांची दारे सर्व वर्गांतल्या हिंदूंना उघडण्याची मुभा देणारा अनुच्छेद 25(2)(ख) पाहिले, तर ही दुसरी बाजू घटनेच्या मजकुरातच आहे. एकाच देशात दोन प्रतिमाने नांदतात हे तक्त्याच्या एका चौकोनात मावत नाही. राज्यशास्त्रज्ञ राजीव भार्गव यांची ‘तत्त्वाधिष्ठित अंतरा’ची कल्पना, म्हणजे धर्माच्या जवळ जायचे की दूर राहायचे हे राज्याने तत्त्व पाहून ठरवावे हा विचार, वापरायची असेल तर इथे वापरा, आणि या खटल्यात ते अंतर कोणत्या तत्त्वावर ठरले हे सांगता येते का ते तपासा. मला स्वतःला सिन्हा यांचे मत घटनेच्या आशयाला जवळचे वाटते. बहुमतालाही आधार आहे, कारण कायद्याने धार्मिक कारण आणि निव्वळ सूड यांत फरकच केला नव्हता, आणि हे तुमच्या निबंधात यायला हवे. 2023 साली पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने 1962 च्या निकालाच्या फेरविचाराचा प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला. म्हणून निबंध देण्याच्या आठवड्यात त्याची सद्यःस्थिती न्यायालयाच्या संकेतस्थळावर पाहा आणि ती मार्गदर्शकांना दाखवून मगच ‘आजचा कायदा’ असा शब्द वापरा.

क्लासच्या नोट्समध्ये लिहिले आहे की 1962 साली सर्वोच्च न्यायालयाने बहिष्कारबंदी योग्य ठरवली, आणि खाली सिन्हांचा उतारा आहे. वर्गातील चर्चेत मात्र उलट ऐकले. खरे काय? (एम.ए. भाग एक, कल्याण)

तो उतारा अल्पमताचा आहे. या ‘छापील तयार निबंधां’चा व्यापार मी जवळून पाहिला आहे. एका वर्षी तीन वेगवेगळ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत फ्रान्सच्या कायद्याचे साल 1905 ऐवजी 1950 असे आले होते आणि तिघांनी पैसे मोजून एकच गठ्ठा विकत घेतला होता. नोट्स बनवणारे सिन्हांचे परिच्छेद उचलतात, कारण ते भारदस्त आहेत आणि सरन्यायाधीशांचे नाव पाहून तोच निकाल असा समज होतो. ओळखण्याची रीत साधी आहे. उताऱ्याच्या आधी कोणत्या न्यायमूर्तींचे नाव आहे ते पाहावे, मग थेट निकालपत्राच्या शेवटी जाऊन न्यायालयाचा आदेश वाचावा: याचिका मान्य झाली की फेटाळली? इथे ती मान्य झाली. कालिना संकुलातल्या जवाहरलाल नेहरू ग्रंथालयात जाऊन ग्रंथपालांना निकालपत्रांचे खंड विचारा. अर्ध्या दिवसाचे काम आहे.

फ्रान्सचे सरकार धर्मावर एक पैसाही खर्च करत नाही, हे वाक्य चालेल? (तृतीय वर्ष कला, वसई)

चालणार नाही. 1905 च्या कायद्याचे कलम 2 कोणत्याही पंथाला मान्यता, वेतन किंवा अनुदान नाकारते, पण त्याच कलमात शाळा, रुग्णालये आणि तुरुंगांतल्या धर्मोपदेशकांच्या खर्चाला मुभा आहे. शिवाय अल्सेस आणि मोझेल हा भाग 1905 साली जर्मनीकडे होता, त्यामुळे तिथे जुनी व्यवस्था टिकली आणि आजही कॅथलिक, दोन प्रॉटेस्टंट आणि ज्यू पंथांच्या धर्मगुरूंना सरकार वेतन देते. 2013 साली फ्रान्सच्या घटना परिषदेने ही व्यवस्था घटनाविरोधी नाही असे ठरवले. आपल्याकडे अनुच्छेद 290क मध्ये मंदिरांच्या देवस्वम निधीला सरकारी पैसे देण्याची तरतूद आहे, तीही याच परिच्छेदात ठेवता येईल. पण दोन्हींमागची ऐतिहासिक कारणे वेगळी आहेत, ती मार्गदर्शकांकडून समजून घ्या.

शुक्रवारी निबंध द्यायचा आहे. आपण प्रस्तावना तपासून द्याल का? (एम.ए. भाग दोन, घाटकोपर)

पत्र बुधवारी आले आहे, त्यामुळे नाही. आजच मार्गदर्शकांना भेटून मुदतवाढ मागा.

आमच्या गावकीने आमच्या घराला वाळीत टाकले आहे. मंदिराच्या पालखीचा मान काढला, कोणी बोलत नाही. हे निबंधात उदाहरण म्हणून लिहू का? (रायगडहून मुंबईत शिकायला आलेली विद्यार्थिनी)

निबंधाचा विचार नंतर करा. महाराष्ट्रात 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा 3 जुलै 2017 पासून लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. तक्रार कशी व कुठे करायची हे वकिलांना विचारा. शुल्क परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोणी काय सांगितले, कोणत्या दिवशी, कोणासमोर, हे आजच तारखांसह लिहून ठेवा, कारण उशिरा केलेल्या नोंदी पुराव्यात दुबळ्या ठरतात. पालखीच्या मानाचा प्रश्न धार्मिक प्रथेचा, की गावकीच्या सत्तेचा, यावर वाद होईल, आणि तिथे 1962 च्या निकालाचा दाखला समोरून दिला जाऊ शकतो. म्हणून वकिलांना पालखीच्या आधी पाणी, दुकान आणि बोलणे तोडण्याबद्दल सांगा. निबंधात लिहायचे झाले तर गाव, आडनाव आणि देवस्थान यांतले काहीही येऊ देऊ नका, आणि घरच्यांची व वकिलांची संमती मिळेपर्यंत एक ओळही सादर करू नका.