आधार लिंक आहे, तरी पीएम किसानचा हप्ता का येत नाही?

"गावात सगळ्यांचे २००० आले, बाबांचे दोन हप्त्यांपासून आले नाहीत. बँकवाले म्हणतात आधार लिंकच आहे. मग पैसे अडकले कुठे?"

भाऊ, बँकवाला खोटं बोलत नसेल, पण तो ज्याला लिंक म्हणतो ते वेगळं आहे आणि पैसे यायला जे लागते ते वेगळं. खातं उघडताना आधारची झेरॉक्स दिली, नंबर खात्यावर चढला, ते झालं केवायसीचं लिंकिंग. अनुदानासाठी एनपीसीआय म्हणून जी संस्था आहे तिच्या यादीत, म्हणजे मॅपरमध्ये, तुमच्या आधारसमोर बँकेचं नाव लागावं लागते, त्याला सीडिंग म्हणतात. या यादीत खाते नंबर नसतेच, फक्त आधार आणि बँक. सरकार आधारवर पैसे सोडते, यादी सांगते कोणत्या बँकेत पाठवायचे, आणि मग ती बँक आपल्याकडे पाहते की हा आधार कोणत्या खात्याला आहे.

आणि एका आधारसमोर एकच बँक राहते. खाती चार असू द्या, नवीन बँकेत सीडिंग झालं की जुनीचं नाव निघून जाते. गावाकडची निम्मी भानगड इथंच आहे.

माझ्या काकूचं सांगतो, आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, काकूच्या नावानं तीन एकर कपाशी. तिचे लागोपाठ तीन हप्ते आले नाहीत, म्हणजे ६०००. बँकेत चार चकरा झाल्या, दरवेळी एसटीचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी बुडाली, आणि दरवेळी एकच उत्तर, लिंक आहे, वरूनच आले नाहीत. मग मी पीएम किसानच्या साइटवर Know Your Status मध्ये पाहिलं तर तिथं पेमेंट झालेलं दाखवत होतं, बँकेचं नाव मात्र भलतंच. काकू म्हणे, "मी तं त्या बँकेचं तोंडबी नाही पाहिलं बापा." मग आठवलं, दीड वर्षाआधी बाजाराच्या दिवशी सिम घेतलं होतं, दुकानदारानं दोन-तीनदा अंगठा घेतला होता. त्यातच खातं उघडलं गेलं आणि सीडिंगही तिकडं सरकलं. पैसे सुखरूप होते, त्याच खात्यात पडून, सीएससीवाल्याकडं अंगठा लावून ती बँक निवडली आणि काढून घेतले. पण तोवर तिनं बियाण्यासाठी उसने पैसे घेतले होते, त्याचं मला अजून वाईट वाटते.

तर तुम्ही आधी बँकेत जाऊ नका, आधी पाहा. myaadhaar.uidai.gov.in वर बाबांच्या आधारनं लॉगिन करा, ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येते (नंबर जोडलेला नसेल किंवा बंद पडला असेल तर आधी आधार केंद्रात तो जोडून घ्या). आत Bank Seeding Status वर गेलं की बँकेचं नाव, Active की Inactive आणि तारीख दिसते. दुसरीच बँक दिसली तर काकूसारखं प्रकरण, पैसे तिकडं शोधा. Inactive असेल किंवा काहीच नसेल तर सीडिंग नाही किंवा तुटलं. आपलीच बँक आणि Active असेल तर बँकेत विचारा की त्यांच्याकडं हा आधार नेमका कोणत्या खात्याला लावलाय, कधी कधी जुन्या, बंद खात्याला लागलेला असते आणि पैसे परत जातात.

बँकेत गेल्यावर "आधार लिंक करा" म्हणू नका, नाहीतर परत तेच उत्तर मिळेल. "डीबीटीसाठी एनपीसीआय सीडिंग करायचं आहे" असं म्हणा आणि आधार सीडिंगचा संमती फॉर्म मागा. त्यात एक रकाना जुन्या बँकेवरून सीडिंग इकडं आणण्याचा असते, तिथं टिक करून जुन्या बँकेचं नाव लिहा. आमच्या काकूचा फॉर्म पहिल्यांदा तसाच पडून राहिला कारण तो रकाना कोराच होता. बाबांनी स्वतः सही किंवा अंगठा द्यावा लागते, आधार आणि पासबुक सोबत न्या, आणि फॉर्म दिल्याची पोच घ्याच. नंतर दोन-चार दिवसांनी त्याच साइटवर परत पाहा, नाव बदललं म्हणजे काम झालं. बँकेचा शिपाई "होऊन जाईल" म्हणाला त्यावर बसू नका.

एवढं करूनही हप्ता नाही आला तर मग बँकेचा प्रश्न राहिला नाही. Know Your Status मध्ये ई-केवायसी आणि Land Seeding या दोन ओळी पाहा, जमिनीसमोर No असेल तर सातबारा घेऊन तालुक्याला कृषी कार्यालयात किंवा तहसीलला जावं लागेल, ते आधारनं सुटत नाही.