लांबलचक मेल थ्रेडचा सारांश कसा लिहायचा

प्रश्न: चाळीसेक मेलचा थ्रेड आहे, टीममध्ये नवीन माणूस येतोय, त्याला सगळं एका मेलमध्ये कसं सांगू?

उत्तर:

कोण कधी काय म्हणालं तो क्रम सोडून द्या. नवीन माणसाला आत्ता काय ठरलंय, काय अडकलंय आणि आपण काय करायचंय हे कळलं की तो कामाला लागतो.

थ्रेड मात्र पहिल्या मेलपासून पूर्ण वाचा. शेवटचा मेल म्हणजे शेवटचा निर्णय असं धरू नका, मी एकदा तिथेच चुकलो. नवीन पेमेंट पेज लाइव्ह करायचं होतं, ४३ मेल झालेले. सुरुवातीला तारीख १२ जून, मग १७ व्या मेलमध्ये मॅनेजरने ती १९ केली, आणि ३१ व्या मेलमध्ये डिझायनरने "१२ ला चालेल" लिहिलं, त्यानंतर तारखेवर कोणीच बोललं नाही, म्हणून मी टेस्टिंगला आलेल्या मुलीला सारांशात १२ कळवली आणि तिने अर्धवट पेज तपासण्यात दोन दिवस घालवले. डिझायनरने खरं तर एका जुन्याच मेलला रिप्लाय केला होता, १७ वा त्याने पाहिलाच नव्हता. त्याच्या मेलखाली आलेला जुना मजकूर उघडला असता तर लगेच दिसलं असतं. तेव्हापासून "ओके", "चालेल" असं काही आलं की ते नक्की कशाला उत्तर आहे ते मी खाली जाऊन बघतोच.

वाचताना प्रत्येक निर्णयापुढे कोणी घेतला आणि कोणत्या तारखेच्या मेलमध्ये, एवढं टिपून ठेवा. "उद्या", "पुढच्या सोमवारी" असलं काही असेल तर तो मेल ज्या दिवशी आला तिथून मोजून खरी तारीख लिहा. आणि कोणी उत्तरच दिलं नसेल तर ते "ठरलं" मध्ये टाकू नका, गप्प बसणं म्हणजे होकार नाही.

पेमेंट पेजचा तो सारांश नंतर असा दुरुस्त केला:

तुमच्याकडून हवंय: १५ जूनपासून मोबाइलवर टेस्टिंग, रिपोर्ट १७ पर्यंत.
ठरलंय: पेज १९ जूनला लाइव्ह (मॅनेजर, ३ जूनचा मेल). आधीची १२ तारीख रद्द.
अडकलंय: रिफंडचा मजकूर. अकाउंट्सला ५ जूनला विचारलंय, उत्तर नाही.
फाइल: डिझाइनची तिसरी आवृत्ती, सोबत जोडली आहे. आधीच्या दोन वापरू नका.

रद्द झालेली तारीख मुद्दाम लिहायची, कारण तो माणूस कधीतरी जुना मेल उघडणार आणि तिथे १२ वाचून गोंधळणार. वादावादी, कोण कोणावर चिडलं, ते सगळं गाळा, पण एखादा पर्याय का नाकारला ते एका ओळीत ठेवा, नाहीतर तो पहिल्याच मीटिंगमध्ये तोच पर्याय परत सुचवेल.

पाठवायच्या आधी थ्रेडमधल्या एकाला, शक्यतो ज्याने निर्णय घेतले त्यालाच, फक्त "ठरलंय" चा भाग दाखवा. आणि अख्खा थ्रेड सरळ फॉरवर्ड करू नका, खाली कोणीतरी पगाराचं नाहीतर क्लायंटबद्दलचं काही लिहिलेलं असू शकतं, हवे तेवढे दोन-तीन मेल वेगळे पाठवा.