ब्लाऊजच्या रजिस्टरमध्ये पहिला रकाना कापडाचा

प्रश्न: मी घरी ब्लाऊज शिवते. आता गिऱ्हाइकं वाढलीत आणि कापड, मापं, द्यायच्या तारखा यांचा घोळ होतो. रजिस्टर कसं ठेवावं? की सरळ ॲप घ्यावं?

ॲपचं नंतर बघू. आधी सांगा, आलेलं कापड तुम्ही गिऱ्हाइकासमोर टेप लावून मोजता का? नसाल मोजत तर तारखांचा घोळ परवडला, असं म्हणायची वेळ येईल.

आमच्या दुकानात मी आणि माझी जाऊ दोघी होतो. मोजून घेण्यावरून आमचं कायम वाजायचं. तिचं म्हणणं, समोर टेप लावला की बाईला वाटतं आपल्यावर विश्वास नाही. मी म्हणायचे, विश्वास टिकायला हवा असेल तर मोजायलाच हवं.

एकदा एक बाई मुलीच्या साखरपुड्यासाठी सिल्कच्या साडीचा पीस घेऊन आल्या. एका बाजूला मोठा काठ, दुसऱ्या बाजूला बोटभर. कोपरापर्यंत बाही, बाहीला मोठाच काठ हवा. "मीटरभर आहे हो," म्हणाल्या. मोजला तर 70 सेंटिमीटर. साडी दुसरीकडे फॉल-पिकोला दिली होती, तिथेच पीस कापून दिला होता. साडीबरोबरचा पीस साधारण 80 सेंटिमीटरचा असतो, मीटरभर क्वचितच.

आता बेत बघा. काठ कापडाच्या लांबीत जातो, म्हणून दोन्ही बाह्या मोठ्या काठावर शेजारी शेजारी काढायच्या. मुंढ्याकडे बाहीचा घेर 13 इंच, शिलाई आणि आतलं मार्जिन धरून 15. दोन बाह्यांना झाले 30. 80 सेंटिमीटर म्हणजे साडेएकतीस इंच, आरामात बसतं. 70 म्हणजे साडेसत्तावीस, अडीच इंच कमी. पण खाली दंडघेर 11, मार्जिनसकट 13, म्हणजे दोन्हींचे 26. काठ अखंड येतो, फक्त काखेत सव्वा-सव्वा इंचाचा जोड द्यावा लागतो. हात वर केला तरच दिसेल.

हे मी त्यांना टेबलावर कापड पसरून दाखवलं आणि रजिस्टरला लिहिलं: "पीस 70 सेंमी आला. काखेत जोड. सांगितलं, मान्य." शेजारी त्यांची सही. पावतीच्या कार्बन कॉपीवरही तेच.

साखरपुडा झाल्यावर बाई नणंदेला घेऊन हजर. "मीटरभर कापड देऊन जोड कसा? वरचं कापड गेलं कुठे?" दुकानात चार बायका बसलेल्या. मी रजिस्टर उघडून सही दाखवली. नणंदेनं वाचलं आणि तीच म्हणाली, "वहिनी, चला." बाकी राहिलेले पैसेही मिळाले. आणि जाऊ काय म्हणाली असेल? "बघ, मोजून घेतलंस म्हणूनच त्यांच्या मनात राहिलं." यावर काय बोलणार!

तर रजिस्टरमध्ये पावती नंबर, नाव, फोन आणि लगेच कापड: किती आलं, पन्हा किती, डाग किंवा उसवलेली जर आहे का, अस्तर कुणाचं. तोच नंबर चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी पिशवीत टाकू नका, कापडालाच टाचा. पिशव्या बदलतात.

मापांचं तुम्हाला येतंच. फक्त माप अंगावरून घेतलं की मापाच्या ब्लाऊजवरून, हे लिहा आणि मापालाही तारीख टाका. जुना ब्लाऊज आतून सोडलेला असतो, वापरून सैल झालेला असतो. "मागचंच माप घ्या" म्हणणारीची तारीख दोन वर्षांपूर्वीची निघाली तर निमूट टेप काढायचा.

तारखेसाठी वेगळी डायरी, एका दिवसाला एक पान. रजिस्टर नंबरानं चालतं, त्यात उद्या काय द्यायचंय हे सापडत नाही. डायरीच्या पानावर फक्त पावती नंबर. पान भरलं की त्या दिवसाचं काम घ्यायचं नाही, मग बाई कितीही ओळखीची असो. आमच्या जाऊबाई पान न उघडताच "शुक्रवारी या" सांगायच्या आणि शुक्रवारी देवळात जायच्या. बाईला कधी हवंय हे विचारूच नका, कधी नेसायचंय ते विचारा. नेसायची तारीख रजिस्टरला लिहा आणि द्यायची तारीख त्याच्या तीन-चार दिवस आधीची. हुक-काज आणि हातशिलाई बाहेर देत असाल तर तो दिवसही त्यातच धरा, मशीनवरून उतरलं म्हणजे तयार झालं नाही.

हो, हे सगळं ब्लाऊजचं. ड्रेस, घागरा शिवत असाल तर कापडाचा हिशेब वेगळा. कॉटन पाण्यातून काढल्यावर आटतं, तेव्हा आधी भिजवून मग मोजायचं आणि दोन्ही आकडे लिहायचे.

ॲप म्हणाल तर भाची वापरते, तिला सोयीचं पडतं. पण ज्यात गिऱ्हाइकाची सही घेता येत नाही ते मी तरी घेणार नाही. घेतलंत तर निदान टेप लावलेल्या कापडाचा फोटो पावती नंबरासकट त्यात टाका.