आयफोनवर मेलसाठी पुश ठेवू, फेच ठेवू की मॅन्युअल? मेल लगेच दिसायला हवा आणि बॅटरीही दिवसभर पुरायला हवी.

पुश ठेवा, म्हणजे मेल आला की सर्व्हरच फोनला कळवतो. ज्या खात्याला पुश मिळतच नाही, त्याचं स्वतःचं ॲप टाकून घ्या. मॅन्युअलने, म्हणजे ॲप उघडलं तरच मेल आणण्याने, बॅटरी वाचते असं जो सांगतो, त्याने आपण दिवसातून किती वेळा मेल उघडून बघतो हे कधी मोजलेलं नसतं. मी मोजलंय, पण त्याआधी आमचा एक कंटेनर जहाजावर चढायचा राहिला.

रावेर तालुक्यात आमच्या घरचं केळीचं पॅकहाऊस आहे. माल, मजूर, गाड्या हे सगळं दादा बघतात. दादा म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ. निर्यातीची कागदपत्रं माझ्याकडे. आखातात जाणारा माल न्हावाशेव्याहून निघतो. कंटेनर बंदराच्या गेटात किती वाजेपर्यंत पोचला पाहिजे, ती वेळ म्हणजे कटऑफ, शिपिंग एजंटकडून मेलवर येते. ती बदलली तरी मेलवरच येते. फोन करण्याची पद्धत त्यांच्याकडे नाही.

त्या दिवशी पत्र्याच्या शेडमध्ये फण्या हौदात धुऊन खोक्यांत भरणं चालू होतं. गाडी संध्याकाळी निघायची होती. फोन माझ्या खिशात होता, मी तो दर थोड्या वेळाने काढून स्क्रीनकडे बघत होतो, सूचना काही नव्हती. रात्री सव्वानऊला घरी आलो, फोन चार्जरला लावला आणि दिवसभराचे मेल धाडधाड पडले. त्यातला एक सकाळी 11:40 चा होता: कटऑफ पुढच्या दिवशी दुपारवर आणलाय. गाडी तोवर वाटेला लागली होती, पण ती जुन्या वेळेच्या हिशोबाने निघालेली. गेट बंद झाल्यावर पोचली. माल पुढच्या जहाजावर गेला, तोपर्यंत कंटेनरला वीज लावून ठेवण्याचं भाडं आम्ही भरलं आणि तिकडच्या गिऱ्हाईकाची बोलणी मी खाल्ली.

दादा म्हणाले, "एजंटनेच उशिरा पाठवलं असेल. तू तर दिवसभर फोन पाहून राहिला होता." मी लॅपटॉपवर जीमेल उघडलं, त्या मेलच्या तीन टिंबांवर जाऊन Show original दाबलं. तिथे मेल कधी तयार झाला ते दिसतं आणि त्याच ओळीत Delivered after 2 seconds असं लिहिलं होतं. म्हणजे 11:40 ला पाठवलेला मेल 11:40 लाच गूगलच्या सर्व्हरवर येऊन पडला होता. पुढचे साडेनऊ तास माझ्या फोननेच खाल्ले. मेल उशिरा आला की आधी हे बघा. भांडायचं कोणाशी ते एका मिनिटात कळतं.

मग सेटिंग उघडलं. Settings मध्ये Mail, त्यात खाती, त्याखाली Fetch New Data. (नव्या फोनमध्ये Mail हे Apps च्या आत गेलंय.) सगळ्यात वर Push चं बटण हिरवं होतं, म्हणून मी निर्धास्त होतो. पण खाली प्रत्येक खात्याची वेगळी ओळ असते, आणि माझ्या जीमेलच्या ओळीत लिहिलं होतं Fetch. तिथे बोट लावलं तर पर्याय दोनच, Fetch आणि Manual. पुश नावाला नाही. वरचं बटण फक्त अशा खात्यांना लागू होतं ज्यांना पुश येतं, उदाहरणार्थ आयक्लाऊड किंवा ऑफिसचं एक्स्चेंज. गूगलने 2013 च्या जानेवारीत फुकटच्या खात्यांसाठी नव्या फोनना पुश आणणारी एक्स्चेंजची सोय देणं थांबवलं, तेव्हापासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये असलं जीमेल फक्त फेचवर चालतं. ॲपलचं ॲप फेचसाठी ठरलेल्या वेळी स्वतः उठून सर्व्हरला विचारतं, "काही आलंय का?" विचारलं नाही तर उत्तर नाही.

आणि विचारायची वेळ कोणती होती? खाली वेळापत्रकात Automatically निवडलेलं होतं. ते दादांनी निवडलं होतं. भारनियमनाच्या दिवसांत त्यांनी घरातल्या सगळ्यांच्या फोनला तेच लावून दिलं, कारण नावावरून वाटतं की फोन आपल्या अकलेने गरज पडेल तेव्हा मेल आणेल. तसं नाही. Automatically चा अर्थ असा की फोन चार्जिंगला असेल आणि वाय-फायवर असेल तरच मागे चालू राहून मेल आणायचा. आमच्या शेडमध्ये वाय-फाय नाही आणि फोन खिशात. सातपुड्याच्या पायथ्याला दिवसभर राबणाऱ्या माणसासाठी त्या सेटिंगचा अर्थ सरळ 'घरी गेल्यावर बघू' एवढाच होतो. मेल कायम रात्री चार्जरला लावल्यावरच एकदम पडतात अशी तुमची तक्रार असेल, तर दुसरं काही शोधू नका, कारण हेच आहे.

आता बॅटरीचं, कारण दादांचं सगळं घोडं तिथेच अडलंय. पुश बॅटरी खातं असं ते आजही म्हणतात. फोनची ॲपलच्या सर्व्हरशी एक जोडणी कायम उघडी असते आणि सगळ्या ॲपच्या सूचना त्याच एका वाटेने येतात, व्हॉट्सॲपच्याही. आयक्लाऊडवर किंवा जीमेलच्या ॲपला मेल आला की त्या वाटेने एक छोटा निरोप येतो, बस. मेलचा निरोप बंद केला म्हणून ती वाट बंद होत नाही, ती बाकीच्यांसाठी उघडीच राहते. मग वाचलं काय? मेल काही सेकंदांत दिसायचा, तो दिसत नाही, एवढंच पदरात पडतं.

फेचमध्ये फोनला दर वेळी स्वतः उठावं लागतं. 15 मिनिटांचा फेच म्हणजे दिवसातून 96 वेळा, मेल असो वा नसो. त्यातही डेटा घेऊन झाला तरी मोबाइलचा रेडिओ लगेच झोपत नाही, 'अजून काही येईल' म्हणून काही सेकंद जागा राहतो. मी पॅकहाऊसच्या दहा तासांचा हिशोब मांडला. 40 फेरे, दर फेऱ्याला पंधराएक सेकंद धरले तर 600 सेकंद, म्हणजे रेडिओ मेलसाठी दहा मिनिटं जागा. दिवसाच्या मानाने ते फार नाही. सिग्नलचे चार दांडे असले तर तुम्हाला जाणवणारही नाही. आमच्याकडे कधी एक दांडा, कधी तोही नाही. तिथे फोन जोर लावून सिग्नल पाठवतो, मध्येच जोडणी तुटते, परत प्रयत्न होतो, आणि दहाची वीस मिनिटं सहज होतात. पण खरी बॅटरी खातं ते सिग्नल शोधणं, आणि ते पुश, फेच, मॅन्युअल काहीही ठेवा, चालूच राहतं.

वेळेचा हिशोब सोपा आहे. 15 मिनिटांच्या फेचला मेल सरासरी साडेसात मिनिटांनी दिसतो, वाईटात वाईट पंधरा. तासाच्या फेचला सरासरी अर्धा तास. कटऑफचा मेल मला अर्ध्या तासाने दिसला असता तरी त्या दिवशी गाडी वेळेत निघाली असती, हेही खरं.

मॅन्युअल मी एक आठवडा पाळून बघितलं, केवळ दादांचं म्हणणं खोटं पाडायला. रोज कागदावर एकेक रेघ मारत गेलो. मेल येतो की नाही या धाकाने मी दिवसातून पन्नास-साठ वेळा ॲप उघडत होतो. खिशातून काढायचा, उघडायचा, बोटाने खाली ओढायचं, चक्र फिरेपर्यंत थांबायचं, यात अर्धा मिनिट जातो. पन्नास वेळा धरलं तरी पंचवीस मिनिटं स्क्रीन पेटलेली, तीही पत्र्याबाहेरच्या उन्हात, जिथे उजेड पूर्ण वाढवल्याशिवाय अक्षर दिसत नाही. शिवाय प्रत्येक वेळी रेडिओ जागा होतो तो वेगळाच. Settings मधल्या Battery मध्ये प्रत्येक ॲप स्क्रीनवर किती वेळ चाललं आणि मागे किती, हे वेगवेगळं दिसतं. मॅन्युअलच्या आठवड्यात मेल ॲप वरच्या चारांत होतं. नंतर जीमेलचं स्वतःचं ॲप टाकून पुश लावलं, त्या आठवड्यात ते ॲप शोधायला खाली जावं लागलं.

मी शेवटी ॲपलच्या मेलमधून कामाचं खातं काढलं आणि जीमेलचं ॲप टाकलं, त्याला पुश येतं. तिथे मात्र पहिल्याच दिवशी फसलो. ॲपच्या सेटिंगमध्ये खात्यावर जाऊन सूचनांचा पर्याय बघितला तर तो Primary only होता. एजंटचे कटऑफचे मेल यंत्राने पाठवलेले असतात आणि ते Updates च्या कप्प्यात जातात. म्हणजे मेल आला, पुशही चालू, पण फोन गप्प. तो All new mail वर नेला तेव्हा कुठे घंटी वाजू लागली. जाहिरातींचीही वाजते, पण कंटेनर चुकण्यापेक्षा ते परवडलं.

खात्री करायची तर घरात बसून करू नका, वाय-फाय आणि चार्जरवर सगळंच चालतं. चार्जर काढा, वाय-फाय बंद करा, स्क्रीन लॉक करून फोन खिशात टाका. पाच मिनिटांनी दुसऱ्या फोनवरून स्वतःला मेल पाठवा आणि घड्याळ बघा.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. पिवळी बॅटरी, म्हणजे लो पॉवर मोड चालू असेल तर आयफोन मागून फेच करणं थांबवतो, तेव्हा 15 मिनिटांवर भिस्त ठेवू नका. आणि तुम्हाला दिवसाला शेकडो मेल येत असतील तर पुश प्रत्येक मेलला फोन उठवेल. तिथे अर्ध्या तासाचा फेच बॅटरीला हलका पडू शकतो, दादांचं म्हणणं तेवढ्यापुरतं मला मान्य आहे. ज्या खात्यात फक्त बँकेच्या जाहिराती येतात ते मी स्वतः मॅन्युअलवर ठेवलंय. अँड्रॉइडवाल्यांचं दुखणं वेगळं: तिथे पुश असूनही बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली फोनच ॲपला मागे झोपवतो, त्यामुळे मेल ॲपला बॅटरीच्या बंधनातून सूट द्या.

दादांच्या फोनमध्ये आजही Automatically आहे आणि गाडीवाल्यांची बिलं त्यांना रात्री जेवताना कळतात. दादा, हे वाचून राहिले असाल तर उद्या शेडमध्ये हौदाजवळ या. वाय-फाय नाहीच तिथे, चार्जर मी काढून ठेवतो. मी तुमच्या खात्यावर एक मेल पाठवतो, एक माझ्या, आणि घड्याळ तुमच्याच हातात देतो.